‘ते’ म्हणजे नेमकं कोणतं?

हर्बर्ट क्लार्क हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. १९८३ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एक फोटो दाखवला होता. फोटोत दोघं होते: तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि त्यांच्या सरकारात अर्थसंकल्पाचं काम पाहणारे डेव्हिड स्टॉकमन. काही विद्यार्थ्यांना विचारलं, ‘हा माणूस कोण, हे तुम्हाला माहीतच असेल ना?’ इतरांना विचारलं, ‘हा माणूस कोण, याची तुम्हाला काही कल्पना आहे का?’ दोघांपैकी एकाकडे बोट दाखवलेलं नव्हतं. तरी पहिल्या प्रश्नातला ‘हा’ म्हणजे रेगन, असं विद्यार्थ्यांनी धरलं आणि दुसऱ्या प्रश्नाला त्यांचा कल स्टॉकमनकडे गेला. रेगनला कोण ओळखत नाही? मग ‘काही कल्पना आहे का’ असं त्यांच्याबद्दल कोण कशाला विचारेल?

म्हणजे ‘हा’, ‘ती’, ‘ते’ ऐकल्यावर माणूस फक्त जवळची वस्तू शोधत नाही. बोलणाऱ्याला काय ठाऊक आहे, आपल्याला काय ठाऊक आहे असं त्याला वाटतं, याचा हिशेब तो मनातल्या मनात करतो. समोरासमोर हा हिशेब सहसा जुळतो, कारण नजर आणि हात मदतीला असतात. मोबाइलवरच्या निरोपात ते दोन्ही नसतात, आणि ‘ते जरा लहान करा’ एवढंच समोर येतं.

वर्तमानपत्राच्या कचेरीतली संध्याकाळ घेऊ. समजा, तालुक्याच्या बातमीदारानं डेस्कच्या ग्रुपवर साडेतीनशे शब्दांची बातमी पाठवली. धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना इशारा दिला, एक पूल वाहतुकीला बंद झाला. त्यामागोमाग मथळा गेला, ‘धरणाचे दरवाजे उघडल्याने नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’. मग फोटो, फोटोओळ आणि पर्यायी रस्त्यांची छोटी चौकट. पाच मिनिटांनी पान लावणाऱ्याचा निरोप आला: ‘ते लहान करा, बसत नाहीये.’

बातमीदारानं बातमी दोनशे शब्दांवर आणली. काटछाटीत कोणता पूल बंद आहे तेच वाक्य गेलं, कारण पुलाचा उल्लेख चौकटीत येईलच, असं त्यानं धरलं. पान लावणाऱ्याला मात्र मथळा लहान हवा होता. तीन कॉलमांत तो एका ओळीत मावत नव्हता, दुसऱ्या ओळीत एकच शब्द लोंबकळत होता. आता मथळा होता तेवढाच राहिला, बातमीखाली मोकळी जागा पडली, आणि वाचकाच्या सगळ्यात कामाची माहिती बातमीतून गळाली.

मराठीचं व्याकरण इथं मदत करू शकलं असतं. मथळा ‘तो’, बातमी ‘ती’, चौकटही ‘ती’. ‘तो लहान करा’ असं लिहिलं असतं, तर निम्मा गोंधळ मिटला असता. पण घाईत सगळ्यालाच ‘ते’ म्हणायची सवय असते आणि लिंगाचा धागा तिथंच तुटतो. शिवाय बातमी आणि चौकट दोन्ही ‘ती’ असल्यानं तो धागा शेवटपर्यंत नेत नाहीच.

गोंधळाची दुसरी बाजू कमी दिसते, पण तितकीच खरी आहे: ‘लहान’ म्हणजे कशात लहान? मथळ्याचे शब्द कमी करायचे की अक्षरांचा पॉइंट उतरवायचा? फोटोबद्दल असेल, तर तो पानावर कमी जागेत बसवायचा की फाइल जड आहे म्हणून हलकी करायची? शिवाय ‘अजून लहान’ म्हटलं, तर मूळ मजकुरापेक्षा की आत्ता कापलेल्यापेक्षा?

यावर सगळ्यात जास्त दिलं जाणारं उत्तर असतं ‘ओके, करतो’. त्याच्या खालोखाल ‘तेच ना?’. दोन्ही उत्तरं दिसायला खात्रीची. पण त्यांतून काहीच ठरत नाही, कारण शंका असलेलं ‘ते’ दोघांनीही जसंच्या तसं परत पाठवलेलं असतं. पान लावणारा मथळा डोळ्यांसमोर ठेवून ‘हो’ म्हणतो, बातमीदार बातमी उघडून कापायला बसतो.

‘काय लहान करू?’ हा प्रश्न याहून बरा. तरी तो सगळं काम समोरच्यावर टाकतो, आणि पान सोडायच्या वेळी उत्तर यायला उशीर होतो. त्यापेक्षा आपला अंदाज नाव घेऊन मांडावा: ‘मथळा एका ओळीत आणतो, “नदीकाठच्या गावांना इशारा”. बातमी साडेतीनशे शब्दच ठेवतो. चालेल?’ यात वस्तूचं नाव आहे, ती कशी होणार हे आहे, आणि कशाला हात लावणार नाही हेही आहे. हा शेवटचा भाग लोक बहुधा गाळतात. खरं तर चूक त्यानंच पकडली जाते, कारण पान लावणाऱ्याला बातमीच कापून हवी असेल, तर ‘साडेतीनशे शब्दच’ हे वाचल्यावर तो लगेच थांबवतो.

व्हॉट्सॲपवर निरोप उजवीकडे सरकवला की तो उद्धृत होतो आणि उत्तर त्याला जोडून जातं. ही सोय चांगली, ती वापरायलाच हवी. पण एकाच निरोपात मथळा, बातमी आणि चौकट असतील, तर उद्धृत करूनही प्रश्न उरतोच. आणि ‘ते’ टाइप होत असताना मध्ये फोटो येऊन पडला, तर लिहिणाऱ्याचं ‘ते’ वरच्या मथळ्याचं असतं, वाचणाऱ्याचं खालच्या फोटोचं. म्हणून पाठवतानाच मथळा एका निरोपात, बातमी दुसऱ्यात, असं वेगळं ठेवलेलं बरं.

क्लार्क आणि डिएना विल्क्स-गिब्स यांचा १९८६ सालचा एक प्रयोग इथं आठवतो. दोघांमध्ये पडदा, दोघांकडे त्याच बारा विचित्र आकृत्या. एकानं वर्णन करायचं, दुसऱ्यानं त्या क्रमानं मांडायच्या. असं सहा वेळा. पहिल्या फेरीत वर्णन करणाऱ्याला एका आकृतीला सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत ८. बर्फावर घसरत जाणारा माणूस, हात पुढे केलेले, अशी सुरुवात करून शेवटी ‘स्केटिंगवाला’ एवढंच पुरायला लागलं. पण हा आखूडपणा दोघांनी मिळून कमावलेला होता. ऐकणारा मध्ये विचारत होता, दुरुस्त करत होता, आणि दोघांचं जुळल्यावरच पुढं जात होते.

१९८९ साली मायकेल शोबर आणि क्लार्क यांनी अशा संवादांना बाहेरचा श्रोता जोडला. त्यानं सगळं बोलणं पहिल्यापासून ऐकलं, तरी आकृत्या ओळखण्यात तो प्रत्यक्ष बोलणाऱ्या जोडीदाराच्या मागंच राहिला. त्याला मध्ये विचारता येत नव्हतं. ग्रुपमध्ये सगळे निरोप वाचणाऱ्या, पण संवादात नसलेल्या माणसाची स्थिती हीच असते. रात्रपाळीचा उपसंपादक नऊ वाजता येऊन संध्याकाळची साखळी वाचतो, त्याला सगळं कळलंय असं वाटतं, आणि ‘ते’ त्याच्यापुरतं वेगळंच निघतं. पाळी बदलताना ‘वरचं बघ’ म्हणण्याऐवजी ‘पान पाचचा मथळा एक ओळ करायचा राहिलाय’ असं लिहून जाणं म्हणूनच आवश्यक.

दर वेळी विचारावं का? नाही. मथळा लहान करणं मिनिटभराचं काम आहे आणि जुना मथळा हाताशी असतो. तिथं करून दाखवावं आणि सोबत ‘मथळाच समजलो’ एवढं लिहावं. बातमी कापायची असेल, मूळ प्रतीवरच काम चालू असेल किंवा पान छपाईला सुटणार असेल, तर आधी विचारावं, आणि उत्तर नुसतं ‘हो’ आलं तरी वस्तूचं नाव मागून घ्यावं. कापलेल्या प्रतीला वेगळं नाव द्यावं, ‘धरण-३५०’, ‘धरण-२००’ असं. मग ‘अजून लहान’ आलं की ‘२०० वरून की ३५० वरून?’ एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर एका आकड्यात येतं.