सोडियम आत, पोटॅशियम बाहेर आणि एक फसवा पर्याय

शरीरक्रियाशास्त्राच्या बहुपर्यायी परीक्षेतला एक नेहमीचा प्रश्न असा असतो: चेतापेशीत क्रियाविभव, म्हणजे ॲक्शन पोटेन्शियल, शिखरावर पोहोचल्यानंतर विभव पुन्हा खाली येतो, तो मुख्यतः कशामुळे? (अ) सोडियम-पोटॅशियम पंप आत आलेले सोडियम बाहेर फेकतो. (ब) सोडियम चॅनेलमधून सोडियम परत बाहेर जाते. (क) विभवावर चालणारे पोटॅशियम चॅनेल उघडतात व पोटॅशियम बाहेर जाते. (ड) क्लोराइड आयन बाहेर जातात. बरोबर उत्तर (क) आहे. पण (अ) वर खूण करणारे विद्यार्थी भरपूर असतात, आणि त्यात मंद विद्यार्थीच असतात असे नाही. ‘पंप सोडियम बाहेर टाकतो’ हे वाक्य खरेच आहे. फक्त ते या प्रश्नाचे उत्तर नाही. हा पर्याय का चुकतो हे नीट कळले, की क्रियाविभवाची यंत्रणा जवळजवळ सगळी हाती येते.

सुरुवात शांत बसलेल्या चेतापेशीपासून करावी लागते. माणसाच्या चेतापेशीत पोटॅशियमचे प्रमाण दर लिटरला साधारण १४० मिलिमोल असते, तर बाहेरच्या द्रवात जेमतेम ४. सोडियमचे अगदी उलट असते: बाहेर सुमारे १४५, आत १५ च्या आसपास. ही तफावत पंपाने राखलेली असते. तो एका फेऱ्यात ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो, आणि त्यासाठी एटीपीची ऊर्जा खर्च करतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरीसारखे त्याचे काम आहे. नळ सोडल्यावर धार येते ती टाकीतल्या पाण्याच्या उंचीमुळे. त्या क्षणी मोटर चालू आहे की बंद, याने धारेला फरक पडत नाही.

शांत पेशीच्या पटलात पोटॅशियमसाठी काही चॅनेल कायम उघडे असतात. आत पोटॅशियम दाटलेले असल्याने ते त्यांतून बाहेर झिरपते. पण प्रत्येक आयन आपल्याबरोबर एक धन प्रभार नेतो, त्यामुळे आतली बाजू ऋण होत जाते आणि हे ऋणत्वच पुढच्या पोटॅशियमला मागे खेचू लागते. बाहेर ढकलणारी तफावत आणि आत खेचणारा विभव यांचा तोल ज्या ठिकाणी साधतो, तो पोटॅशियमचा समतोल विभव. वरच्या आकड्यांवरून तो सुमारे उणे ९५ मिलिव्होल्ट निघतो. प्रत्यक्षात पेशी उणे ७० च्या आसपास थांबते, कारण थोडेसे सोडियमही आत गळत असते. सोडियमचा स्वतःचा समतोल विभव मात्र अधिक ६० मिलिव्होल्टच्या जवळ आहे. म्हणजे पटलाने फक्त पोटॅशियमला वाट दिली तर विभव उणे ९५ कडे जाईल, फक्त सोडियमला दिली तर अधिक ६० कडे. क्रियाविभवाचा चढ आणि उतार या दोन टोकांमध्ये घडतो, आणि त्या क्षणी पटल कोणाला जास्त वाट देते यावर त्याची दिशा ठरते.

आता शेजारून आलेल्या उद्दीपनाने विभव उणे ७० वरून उणे ५५ पर्यंत वर सरकला असे धरू. पटलात असे सोडियम चॅनेल असतात, जे उणे ७० ला बंद असतात आणि विभव वर सरकताच उघडू लागतात. काही उघडले की सोडियम आत येते. आत आलेल्या धन प्रभारामुळे विभव आणखी वर जातो. त्यामुळे आणखी चॅनेल उघडतात. उणे ५५ च्या सुमारास आत येणारे सोडियम बाहेर जाणाऱ्या पोटॅशियमवर मात करते, आणि तिथून पुढे ही साखळी आपोआप चालते. उद्दीपन काढून घेतले तरी ती थांबत नाही. म्हणूनच उंबरठा ओलांडला की क्रियाविभव पुरा येतो, नाहीतर येतच नाही. एक मिलिसेकंदाच्या आत विभव अधिक ३० पर्यंत चढतो.

तो अधिक ६० पर्यंत का पोहोचत नाही? कारण तोवर दोन गोष्टी घडू लागतात. सोडियम चॅनेलला दोन फाटके असतात. एक विभव वाढताच झटकन उघडते. दुसरे त्याच विभवामुळे, पण जरा उशिराने, बंद होते. दुसरे फाटक लागले की चॅनेल निष्क्रिय होतो, आणि विभव पुरेसा खाली येईपर्यंत तो पुन्हा उघडण्याजोगा होत नाही. दरम्यान विभवावर चालणारे पोटॅशियम चॅनेलही उघडू लागलेले असतात. त्यांना चेतवणारा बदल तोच, फक्त ते सावकाश उघडतात. सोडियमची वाट बंद, पोटॅशियमची वाट रुंद, अशी अवस्था झाली की पोटॅशियम बाहेर धावते आणि विभव उणे ९५ च्या दिशेने कोसळतो. पोटॅशियम चॅनेल बंद व्हायलाही वेळ घेतात, त्यामुळे विभव काही काळ उणे ७० च्याही खाली जातो आणि मग मूळ जागी येतो.

पर्याय (ब) इथे निकालात निघतो. शिखरावरही आतला विभव अधिक ६० च्या खालीच असतो, म्हणून सोडियमचा ओढा अजून आतच असतो. चॅनेल उघडा राहिला तरी त्यातून सोडियम बाहेर जाणार नाही. क्लोराइड हा ऋण आयन आहे. तो बाहेर गेला तर आतली बाजू अधिक धन होईल, म्हणजे पर्याय (ड) ची दिशाच उलटी.

राहिला पंप. त्याच्या विरुद्ध पहिला मुद्दा वेगाचा. उघड्या चॅनेलमधून सेकंदाला लक्षावधी आयन जातात. एक पंप सेकंदाला काही शे आयनच हलवू शकतो. उतार एक-दोन मिलिसेकंदांत संपतो, आणि तेवढ्यात पंपाचा एक फेराही धड पुरा होत नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा, कारण चुकीची मुळे तिथे आहेत. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत सोडियमचे बाण आत घुसताना दिसतात, आणि पेशी सोडियमने भरून गेली, आता ते उपसायला हवे, असे वाटते. प्रत्यक्षात किती सोडियम आत येते, हे मोजता येते. पेशीपटल विद्युतप्रभार साठवण्याच्या बाबतीत फार पातळ आणि कंजूष असते: विभव १०० मिलिव्होल्टने बदलायला दर चौरस मायक्रोमीटरला सुमारे ६,००० आयन ओलांडले तरी पुरते. २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी घेतली, तर तिचे पृष्ठफळ साधारण १,२५७ चौरस मायक्रोमीटर, म्हणजे पाऊण कोटी आयन. आकडा मोठा वाटतो. पण त्याच पेशीत मुळात सोडियमचे सुमारे ३,८०० कोटी आयन असतात आणि पोटॅशियमचे ३५,००० कोटी. म्हणजे एका क्रियाविभवाने आतले सोडियम जवळपास पाच हजारांत एक एवढे वाढते, आणि पोटॅशियम जवळपास पन्नास हजारांत एक एवढेच कमी होते. चढ आणि उतार काही काळ एकाच वेळी चालत असल्याने खरा आकडा याच्या तीन-चार पट भरतो, तरी निष्कर्ष बदलत नाही. क्रियाविभवात विभव पालटतो, द्रावणे जवळपास होती तशीच राहतात. उपसण्यासारखे त्या क्षणी काही साचलेलेच नसते.

याचा प्रत्यक्ष पुरावा स्क्विडवरच्या प्रयोगांतून आला. कोकणातल्या मासळीबाजारात माकूल म्हणून मिळणाऱ्या प्राण्याचा हा वर्ग. त्याच्या काही जातींत अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा चेतातंतू असतो, त्यात बारीक इलेक्ट्रोड घालता येतो. १९४९ मध्ये ॲलन हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी अशा तंतूभोवतीच्या समुद्राच्या पाण्यातले सोडियम कमी केले. क्रियाविभवाची उंची घटली, शांत विभव मात्र फारसा हलला नाही. परीक्षेत ‘बाहेरचे सोडियम निम्मे केले तर काय होईल’ असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर हेच. माणसाच्या शरीराच्या तापमानाला निम्म्या सोडियमने त्याचा समतोल विभव सुमारे १८ मिलिव्होल्टने खाली येतो, म्हणून शिखरही खाली येते. १९५२ मध्ये हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी दोन्ही प्रवाह वेगळे मोजून त्यांची समीकरणे मांडली आणि त्यांवरून क्रियाविभवाचा आलेख गणिताने काढून दाखवला. १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन एकल्स यांच्यासह मिळाले.

पंपाच्या बाबतीत सर्वांत बोलका प्रयोग १९६० नंतरचा आहे. बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी स्क्विडच्या तंतूवरून रूळ फिरवून आतला पेशीद्रव जवळपास सगळा पिळून काढला आणि त्या रिकाम्या नळीत पोटॅशियम क्षाराचे साधे द्रावण भरले. त्यात पंप चालवायला एटीपी नव्हते. तरीही तो तंतू पुढे हजारो संदेश वाहत राहिला. आत पोटॅशियम, बाहेर सोडियम आणि मध्ये चॅनेल असलेले पटल, एवढे भांडवल पुरले.

याचा अर्थ पंप निरुपयोगी असा काढणे हीसुद्धा चूकच, आणि परीक्षक तिच्यावरही प्रश्न काढतात. ‘वाबेन या विषाने पंप थांबवला तर पुढचा क्रियाविभव येईल का?’ याचे उत्तर ‘येईल, जवळजवळ पूर्वीसारखाच’ असे आहे. पण ‘तासाभराने येईल का?’ याचे उत्तर पेशीच्या आकारावर अवलंबून असते. जाड तंतूत पटलाच्या मानाने आतली जागा मोठी, त्यामुळे साठा खूप पुरतो. मेंदूतल्या ०.२ मायक्रोमीटरच्या तंतूत मात्र वरचाच हिशेब केला, तर एक संदेश आतले सोडियम एका टक्क्याहून जास्त वाढवतो. तिथे शंभरएक संदेशांतच ते दुप्पट होईल, आणि पंप बंद असेल तर शांत विभवही हळूहळू ढासळेल.

म्हणून प्रश्नातला काळ आधी वाचावा. एका क्रियाविभवाचा चढ किंवा उतार विचारला असेल तर पंपाचा पर्याय खोडावा. शांत अवस्थेतली सोडियम-पोटॅशियमची तफावत कोण टिकवतो असे विचारले असेल, तरच त्यावर खूण करावी.