दुखणं कालच्यापेक्षा कमी व्हायला हवं

दुर्बिणीनं गर्भपिशवी काढलेल्या बाईचं दुखणं रोज थोडं थोडं उतरत जातं. पहिल्या दिवशी ती कुशीवर वळताना कण्हते, दुसऱ्या दिवशी आधार घेऊन बाथरूमपर्यंत जाते, तिसऱ्या दिवशी पोटभर नाही तरी चवीनं जेवते. हा क्रम उलटा फिरला, म्हणजे कालच्यापेक्षा आज जास्त दुखू लागलं, पोट फुगलं, जेवण नको झालं, तर आत आतड्याला, लघवीच्या पिशवीला किंवा मूत्रवाहिनीला इजा झाली असावी असं धरून चालायचं आणि ती नाही याची तपासणीनं खात्री करून घ्यायची. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरचा हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. तो डॉक्टरांइतकाच घरच्यांनाही माहीत असायला हवा, कारण दुखणं वाढतं तेव्हा बाई बहुतेक वेळा घरी पोहोचलेली असते.

अशा इजा क्वचितच होतात. पण त्यांतल्या मोठ्या इजांपैकी जवळपास निम्म्या खरं ऑपरेशन सुरू होण्याआधीच, पोटात शिरताना होतात. पोटाची भिंत आणि आतडी एकमेकांना टेकलेली असतात. त्यांच्यामध्ये जागा करण्यासाठी बेंबीतून एक बारीक सुई आत घालून कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. ही वेरेस सुई यानोश वेरेश या हंगेरीतल्या डॉक्टरांनी १९३०च्या दशकात क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी बनवली होती. तिच्या टोकाशी स्प्रिंगवर बसवलेला बोथट भाग असतो. पोटाची भिंत ओलांडली की तो आपोआप पुढे येतो आणि धारदार टोक झाकलं जातं.

तरीही सुई नेमकी कुठे पोहोचली, हे त्या क्षणी डोळ्यांना दिसत नाही. ते सांगतो वायूच्या यंत्रावरचा आकडा. सुई मोकळ्या जागेत असेल तर सुरुवातीचा दाब पाऱ्याच्या ८ ते १० मिलिमीटरच्या आतच राहतो. आकडा लगेच वर चढला तर टोक भिंतीत किंवा एखाद्या अवयवात अडकलं असण्याची शक्यता असते, आणि सर्जन तिथेच थांबतो. सगळं ठीक असेल तर दाब २० ते २५ पर्यंत नेतात, पोट टणक झालं की पहिली नळी, म्हणजे ट्रोकार, आत घालतात आणि मग दाब १२ ते १५ वर आणतात. हे सगळं होईपर्यंत बाईला सपाट झोपवलेलं असतं. शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी बेंबीच्या पातळीच्या आसपास दुभंगते. डोकं आधीच खाली केलं तर सुईची दिशा तिच्याकडे वळण्याचा धोका वाढतो.

आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर प्रश्न वेगळा होतो. जुन्या जखमेच्या आतल्या बाजूला आतडी किंवा चरबीचा पडदा चिकटलेला असू शकतो. सिझरची आडवी खूण असलेल्या साधारण पाचांतल्या एकीच्या बेंबीजवळ असा चिकटा सापडतो, तर बेंबीपासून खाली उभी खूण असेल तर जवळजवळ निम्म्या जणींत. अशा वेळी अनुभवी सर्जन बेंबी टाळतात. डाव्या बाजूच्या शेवटच्या बरगडीखाली सुमारे ३ सेंटीमीटरवर चिकटा क्वचितच असतो. राउल पामर या फ्रेंच स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावानं ही जागा ओळखली जाते. आधी जठर नळीनं रिकामं करून मग तिथून आत शिरतात. काही सर्जन छोटा छेद घेऊन, एकेक थर डोळ्यांनी पाहत आत जातात. यातली कोणतीही पद्धत धोका शून्यावर आणत नाही, म्हणून आत गेल्यावर काय पाहायचं तेही ठरलेलं असतं.

शिरतानाची एक इजा फार फसवी असते. बेंबीला आतड्याचं वेटोळं चिकटलेलं असेल तर ट्रोकार त्याच्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. कॅमेरा त्याच नळीतून पुढे गेलेला असल्यानं सर्जनला समोर स्वच्छ पोट दिसतं आणि दोन्ही भोकं नळीच्या मागे झाकलेली राहतात. पूर्ण ऑपरेशन नीट पार पडतं, नळी काढली की भोकं उघडी होतात. म्हणून चिकट्याची शंका असेल तर दुसऱ्या छिद्रातून कॅमेरा घालून पहिल्या नळीकडे पाहतात, आणि शेवटी नळी काढतानाही आतून बघत बघतच काढतात.

लघवीच्या पिशवीची इजा बहुतेक वेळा टेबलावरच कळते. दोन-तीन सिझर झालेल्या बाईची ही पिशवी गर्भपिशवीच्या खालच्या भागावर ताणून चिकटलेली असते आणि ती सोडवताना फाटू शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूला टांगलेली लघवीची बॅग तेव्हा अचानक वायूनं फुगते किंवा लघवी लाल दिसू लागते. पोटात भरलेला वायू भोकातून पिशवीत आणि कॅथेटरमधून बॅगेत आलेला असतो. शंका पक्की करायला कॅथेटरमधून निळं मिथिलिन ब्लू मिसळलेलं सलाईन भरतात. पोटात कुठे निळा थेंब दिसला की जागा सापडली. ती दोन थरांत शिवतात, बहुतेक वेळा दुर्बिणीनंच, आणि कॅथेटर सात ते चौदा दिवस ठेवतात. इजा त्याच वेळी सापडली तर त्रास एवढ्यावरच संपतो.

आतड्याच्या इजेचं तसं नसतं. अशा घटना कशा घडतात हे समजायला एक उदाहरण कल्पनेनंच रचून पाहू. चव्वेचाळीस वर्षांची बाई, गर्भपिशवीत गाठी, पाळीत फार रक्त जाणारं. सोमवारी दुर्बिणीनं गर्भपिशवी काढली. रक्त थांबवण्यासाठी विजेच्या उपकरणानं डावीकडची शीर भाजली, तेव्हा उपकरणाची उष्णता शेजारच्या मोठ्या आतड्याला लागली. तिथे फक्त पांढरट डाग पडला आणि तो नजरेतून सुटला. भाजलेला भाग लगेच फाटत नाही. तो आधी मरतो, मग काही दिवसांनी गळून पडतो. म्हणून बुधवारी घरी सोडताना ती खरोखरच ठीक होती.

शुक्रवारी सकाळी डावीकडच्या टाक्याजवळ दुखू लागलं. दुपारी दोनदा पातळ शौचाला झाली. घरच्यांना वाटलं, पोट साफ झालं, बरं झालं. ताप ९९च्या वर गेला नव्हता. रात्री नवऱ्यानं फोन केला, ‘मॅडम, कालपेक्षा आज जास्त दुखतंय म्हणते, आणि पोट टम्म झालंय.’ मॅडमनी गॅस म्हणून गोळी सांगितली नाही, लगेच बोलावून घेतलं. तपासलं तर नाडीचे ठोके ११६ होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी ३,६०० पर्यंत उतरल्या होत्या.

पोटात विष्ठा पसरली की थंडी वाजून खूप ताप येतो आणि पोट लाकडासारखं कडक होतं, असा सर्वसाधारण समज आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर चित्र बहुतेक वेळा असं नसतं. एकाच टाक्याजवळ वाढतं दुखणं, फुगलेलं पोट, जुलाब आणि घटलेल्या पांढऱ्या पेशी हीच सुरुवातीची लक्षणं असू शकतात, आणि नाडी बहुधा तापाच्या आधी वाढते. वेदनाशामकं आणि अँटिबायोटिक्स चालू असतील तर दुखणं आणि ताप आणखी दबून राहतात.

एक्स-रेमध्ये तिच्या छातीच्या पडद्याखाली हवा दिसली. पण ऑपरेशनमध्ये भरलेल्या वायूचा थोडा अंश काही दिवस आत राहू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही. सीटी स्कॅनमध्ये पोटात पाणी आणि अपेक्षेपेक्षा जास्त हवा दिसली. स्कॅन साधा आला असता तरी, नाडी चढती आणि दुखणं वाढतं असताना पुन्हा दुर्बीण घालून पाहणंच योग्य ठरलं असतं. त्याच रात्री पोटाच्या सर्जननी आतड्याचा मेलेला तुकडा काढून दोन टोकं जोडली. हेच दोन दिवसांनी झालं असतं तर जंतुसंसर्ग रक्तात पसरून आयसीयूत ठेवावं लागलं असतं आणि काही महिने शौचाची वाट पोटावर काढावी लागण्याची शक्यता वाढली असती.

मूत्रवाहिनीची इजा सर्वांत उशिरा कळते. मूत्रपिंडातून लघवी आणणारी ही नळी गर्भपिशवीच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरवर, गर्भपिशवीच्या रक्तवाहिनीच्या खालून जाते. ती रक्तवाहिनी बांधताना किंवा भाजताना मूत्रवाहिनी आवळली, कापली किंवा पोळली जाऊ शकते. त्यामुळे ऑपरेशन संपण्याआधी लघवीच्या पिशवीत दुर्बीण घालून दोन्ही मुखांतून लघवीची पिचकारी येते का, हे काही सर्जन पाहतात. मात्र फक्त पोळलेली नळी त्या दिवशी नीट चालताना दिसते आणि नंतर गळू लागते.

पाठीच्या एका बाजूला बरगडीखाली दुखणं, बारीक ताप, पोट फुगणं ही याची सुरुवातीची खूण. पोटात गळलेली लघवी पोटाचं आवरण शोषून घेतं, म्हणून मूत्रपिंडं चांगली असूनही रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. पोटातलं पाणी काढून तपासलं आणि त्यातलं क्रिएटिनिन रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं, तर ती लघवीच. दोन-तीन आठवड्यांनी अंगावरून सतत पाण्यासारखं जाऊ लागलं आणि त्याला लघवीचा वास असेल, तर इजेच्या जागी वाट पडली आहे. तेव्हा योनीत कापसाचा बोळा ठेवून लघवीच्या पिशवीत निळं पाणी भरतात. बोळा निळा झाला तर भोक पिशवीला आहे. बोळा भिजला पण निळा झाला नाही, तर बहुधा मूत्रवाहिनीला. पूर्ण आवळली गेलेली मूत्रवाहिनी कधीकधी काहीच लक्षण देत नाही आणि त्या बाजूचं मूत्रपिंड हळूहळू निकामी होतं. म्हणून पाठीतलं दुखणं राहिलं तर सोनोग्राफी करून मूत्रपिंड फुगलंय का ते पाहायलाच हवं. लवकर कळलं तर आत स्टेंट बसवून काम भागू शकतं. उशीर झाला तर मूत्रवाहिनी पिशवीत नव्यानं जोडावी लागते.

एक-दोन दिवस खांद्यात दुखणं मात्र साधं आहे, ते उरलेल्या वायूमुळे होतं आणि कमी होत जातं. घरी सोडताना रात्री कोणाला फोन करायचा, तो नंबर लिहून घ्या. फोनवर नुसतं ‘दुखतंय’ सांगू नका. काल किती होतं आणि आज किती, नाडी किती, वायू सरला का, लघवी किती झाली, अंगावरून पाणी जातंय का, एवढं सांगा आणि ‘येऊन दाखवायचं आहे’ असं स्पष्ट म्हणा. कालच्यापेक्षा जास्त दुखणाऱ्या बाईला न तपासता फोनवरच गोळी सांगितली जात असेल, तर दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्याच रात्री नेणं योग्य आहे.