पावती नवऱ्याच्या नावावर, मग बायकोचे छत कोणते?

लालबाग, परळ, गिरगावच्या जुन्या इमारतींत पागडीच्या खोलीची ओळख भाडेपावतीवरून ठरते. ही पावती बहुधा नवऱ्याच्या, नाहीतर सासऱ्याच्या नावावर असते. नवरा-बायकोचे बिनसले की पहिले वाक्य कानावर येते ते हेच : "खोली माझी आहे, तू नीघ." कितीतरी बहिणी हे वाक्य म्हणजेच कायदा समजून मुलांना घेऊन माहेर गाठतात. कायदा मात्र असे म्हणत नाही.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. पती-पत्नी जिथे एकत्र राहिले ते 'सामायिक घर', मग ते मालकीचे असो वा भाड्याचे, नाव एकाचेच असले तरी. कलम १७ प्रमाणे त्या घरात राहण्याचा हक्क पत्नीला आहे आणि कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. घर सासू-सासऱ्यांचे असेल तर हा हक्क नाही, असे २००६ च्या एका निकालामुळे मानले जाई. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला. मात्र वृद्ध सासू-सासऱ्यांच्या स्वास्थ्याचा विचारही न्यायालयाने करावा, असे त्यात बजावले आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, लालबागच्या एका खोलीत बहीण दोन मुलांसह राहते. नवरा वर्षभर वेगळा राहतो आहे, खर्च देत नाही. पावती त्याच्या नावावर आहे आणि पैसे घेऊन तो खोली मालकाला परत करणार, अशी कुणकुण लागली आहे. इथे खरा धोका धक्के मारून बाहेर काढले जाण्याचा नाही, तर सहीचा आहे. नवऱ्याने एकदा हक्क सोडला की तिला मालकाशी झगडत बसावे लागते.

त्यासाठी कलम १९ मध्ये नेमकी तरतूद आहे. पत्नीला घराबाहेर काढू नये, घर विकू नये, दुसऱ्याला देऊ नये आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यावरचा हक्क सोडू नये, असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. खर्च बंद करणे आणि घर वापरू न देणे हाही कायद्याच्या लेखी आर्थिक छळच आहे. म्हणजे मारहाण झालेली असलीच पाहिजे असे नाही. अर्ज कलम १२ खाली करावा. सोबत निकाहनामा, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचे कागद आणि त्या पत्त्यावर आलेली पत्रे लावावीत. संरक्षण अधिकारी अर्जाला मदत करतात, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मिळतो. घाई असेल तर कलम २३ खाली अंतरिम आदेश मागावा. आदेश मिळाला की त्याची प्रत घरमालकाला, आणि पुनर्विकास चालू असेल तर विकासकालाही देऊन पोच घ्यावी. नाहीतर आदेश कपाटात राहतो आणि पर्यायी जागेचा करार दुसरीकडे होऊन जातो. कुलूप आधीच बदलले असेल तरी अर्ज करता येतो, कारण पूर्वी तिथे एकत्र राहिलेले असणे पुरेसे आहे.

तलाक किंवा खुला झाल्यावर काय? मुंबईच्या माझगाव न्यायालयात २००९ साली दाखल झालेले जुवेरिया पटनी प्रकरण इथे मार्गदर्शक आहे. निकाह संपला आहे, तेव्हा अर्जच चालत नाही, असा पतीचा बचाव होता. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. संसारात झालेल्या छळाची जबाबदारी नंतरच्या तलाकने पुसली जात नाही, असे ठरले. तरीही तलाकनंतर त्याच खोलीत राहण्याची मागणी कठीण होते, म्हणून अर्ज आधी केलेला बरा. तलाकशुदा स्त्रीसाठी १९८६ च्या कायद्याचा दुसरा मार्ग आहे. डॅनियल लतीफी खटल्यात २००१ साली न्यायालयाने सांगितले की इद्दतीच्या काळातच पुढील आयुष्याची वाजवी तरतूद पतीने करायची आहे, आणि तीत राहण्याच्या जागेचाही समावेश होतो.

आपल्या दीनशी हे विसंगत नाही. सूरह तलाकमध्ये इद्दतीत स्त्रीला तिच्या घरातून बाहेर काढू नये, ऐपतीप्रमाणे आपल्या राहत्या ठिकाणी ठेवावे आणि तिला त्रास देऊन कोंडीत पकडू नये, असा स्पष्ट हुकूम आहे. रागाच्या भरात त्याच रात्री बायकोला जिन्यावर उभे करणारा नवरा कायद्याआधी हा हुकूम मोडतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. खोली बहिणीच्या नावावर होत नाही, आणि न्यायालय त्या खोलीऐवजी तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचे भाडे देण्याचा आदेशही देऊ शकते. तो आदेश देताना मुलांची शाळा किती लांब पडेल, हे न्यायालयापुढे मांडायला विसरू नये.