घटना-टिपण : काय घडले, परिणाम, कारण आणि प्रतिबंध

रुग्णालयात एखादी अनिष्ट घटना घडते, तेव्हा तिच्याविषयीचे एक टिपण विश्वस्त मंडळापुढे ठेवले जाते. चुकीचे औषध दिले गेले, रुग्ण खाटेवरून पडला, रक्ताच्या पिशवीवरील नाव जुळले नाही, अशा त्या घटना असतात. विश्वस्त घटनास्थळी नसतात. त्यांच्यासमोर असतो तो एक कागद, आणि पुढील निर्णय त्या कागदावरूनच होतो. त्यात दोषी व्यक्तीचे नाव असेल तर मंडळ त्या व्यक्तीविषयी निर्णय घेईल. त्यात घटनेचे कारण असेल तर मंडळ त्या कारणाविषयी निर्णय घेईल. म्हणून हे टिपण काय घडले, परिणाम काय झाला, कारण काय आणि प्रतिबंध कसा, या चार भागांत लिहावे आणि त्यात कोणावरही ठपका ठेवू नये, असा दंडक आहे. देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक या दंडकाविषयी साहजिकच विचारतात, की यामुळे चुकीवर पांघरूण तर पडत नाही ना? या प्रश्नाचे उत्तर एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

ही घटना इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील क्वीन्स मेडिकल सेंटर या रुग्णालयात 2001 साली घडली. ती निवडण्याचे कारण असे, की प्राध्यापक ब्रायन टॉफ्ट यांनी तिची स्वतंत्र चौकशी केली आणि त्यांचा अहवाल त्याच वर्षी सर्वांसाठी प्रसिद्ध झाला. शिवाय ज्या औषधाशी ती निगडित आहे ते आपल्याकडील कर्करोग विभागांतही नित्य वापरले जाते. त्याचे नाव व्हिन्क्रिस्टिन. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे हे औषध शिरेतून दिले असता ल्युकेमियाच्या म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना उपयोगी पडते. तेच औषध पाठीच्या कण्यातून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गेले तर मज्जातंतू नष्ट करते आणि बहुतेक वेळा प्राण घेते. अडचण अशी, की याच रुग्णांना काही दुसरी औषधे मात्र कण्यातूनच द्यावी लागतात.

काय घडले

टिपणाच्या पहिल्या भागात केवळ घटनाक्रम असावा. नॉटिंगहॅमच्या घटनेचा क्रम असा लिहिता येईल : 4 जानेवारी 2001 रोजी ल्युकेमियावर उपचार घेणारा 18 वर्षांचा रुग्ण दुपारी उशिरा वॉर्डात आला. त्या वेळी कण्यातून द्यावयाचे सायटोसिन आणि शिरेतून द्यावयाचे व्हिन्क्रिस्टिन ही दोन्ही औषधे एकाच ठिकाणी हाताशी होती. वॉर्डात नुकतेच रुजू झालेले रजिस्ट्रार उपस्थित होते आणि त्यांच्या देखरेखीखाली कनिष्ठ डॉक्टर इंजेक्शन देत होते. सायटोसिन कण्यातून योग्य रीतीने दिले गेले. त्यानंतर रजिस्ट्रारांनी दुसरी सिरिंज पुढे केली. कनिष्ठ डॉक्टरांनी औषध व्हिन्क्रिस्टिन आहे का आणि ते कण्यातूनच द्यायचे आहे का, असे विचारले. रजिस्ट्रारांनी होकार दिला. औषध कण्यातून दिले गेले.

या मजकुरात डॉक्टरांची नावे नाहीत, पण कोणत्या पदावरील व्यक्तीने काय केले हे स्पष्ट आहे. ठपका टाळणे याचा अर्थ मोघम लिहिणे असा नव्हे. ‘रुग्णास अनवधानाने चुकीच्या मार्गाने औषध दिले गेले’ एवढेच लिहिले असते, तर कनिष्ठ डॉक्टरांनी प्रश्न विचारला होता ही सर्वांत मोलाची माहिती हरवली असती. उलट ‘रजिस्ट्रारांच्या हलगर्जीपणामुळे’ असे लिहिले असते, तर तो घटनाक्रम राहिला नसता, निष्कर्ष झाला असता, आणि तो वाचल्यावर पुढील पान उलटण्याची गरज कोणासच वाटली नसती. ‘त्यांनी लेबल वाचावयास हवे होते’ हे वाक्यही या भागात बसत नाही. जे घडले नाही ते घटनाक्रमात येऊ शकत नाही.

परिणाम

दुसऱ्या भागाचा प्रारंभ रुग्णापासून व्हावा. चूक काही मिनिटांतच लक्षात आली आणि तातडीचे उपचार सुरू झाले. तरीही अर्धांगवायू वाढत गेला आणि 2 फेब्रुवारी 2001 रोजी रुग्णाचे निधन झाले. अशी वाक्ये कितीही कठोर वाटली तरी ती सौम्य करू नयेत. यानंतर कुटुंबास कोणी, केव्हा आणि काय सांगितले हे लिहावे. त्यापुढे अन्य कोणा रुग्णास याच प्रकारचा धोका पोहोचला होता का, हे तपासून नमूद करावे. रुग्णालयाची बदनामी आणि खर्च यांचा उल्लेख असल्यास तो सर्वांत शेवटी यावा. हा क्रम उलटला, म्हणजे टिपण रुग्णालयाच्या बचावासाठी लिहिले आहे, हे जाणकार वाचकास लगेच कळते.

कारण

तिसरा भाग सर्वांत अवघड असतो. येथे ‘का’ हा प्रश्न एकदा विचारून थांबता येत नाही. चुकीची सिरिंज का दिली गेली? दोन्ही औषधे एकाच वेळी जवळ होती म्हणून. ती जवळ का होती? त्यांना वेळेने आणि जागेने वेगळे ठेवणारी भक्कम व्यवस्था नव्हती म्हणून. नव्याने आलेले रजिस्ट्रार या कामावर देखरेख का करीत होते? हे काम कोणी करावे आणि त्यासाठी कोणते प्रशिक्षण हवे, हे निश्चित करणारी यादी नव्हती म्हणून. कनिष्ठ डॉक्टर प्रश्न विचारूनही का थांबले नाहीत? वरिष्ठांना पुरेशी माहिती असेल असे त्यांनी गृहीत धरले म्हणून. आणि अखेरचा प्रश्न, शिरेसाठीची सिरिंज कण्यातील सुईस बसलीच कशी? दोहोंची जोडणी एकाच मापाची होती म्हणून. टॉफ्ट यांचा निष्कर्षही हाच होता, की हा मृत्यू एकदोन माणसांच्या चुकीमुळे ओढवला नाही. मानवी, संघटनात्मक आणि तांत्रिक त्रुटी त्यात एकमेकींत गुंतल्या होत्या.

कारणापर्यंत पोहोचलो की नाही हे ओळखण्याची एक कसोटी आहे. त्या जागी तेवढ्याच शिक्षणाची आणि अनुभवाची दुसरी व्यक्ती असती, तर ही घटना घडू शकली असती का? उत्तर ‘होय’ असेल, तर कारण व्यक्तीच्या पलीकडे आहे. या घटनेत त्या कसोटीस प्रत्यक्ष पुरावाही होता. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, 1985 पासून तेथे कण्यातील इंजेक्शनच्या अशाच चुकांमुळे किमान 13 रुग्ण मृत्युमुखी पडले किंवा पंगू झाले, अशी नोंद होती. रुग्णालये आणि डॉक्टर बदलले, पण चूक बदलली नाही.

प्रतिबंध

चौथ्या भागावर सर्वाधिक वेळ खर्च करावा, कारण मंडळाच्या हाती खरोखर असतो तो हाच भाग. ‘सर्वांनी अधिक दक्षता घ्यावी’ किंवा ‘संबंधितांस समज देण्यात आली आहे’ ही वाक्ये येथे आली, की कारण सापडलेले नाही असे समजावे. परिपत्रक आणि प्रशिक्षण यांचा उपयोग आहे, परंतु ते माणसाच्या स्मरणावर अवलंबून असतात. थकलेल्या माणसाकडूनही चूक होऊ न देणारा उपाय श्रेष्ठ होय.

या घटनेनंतर योजलेल्या उपायांत ही पायरी स्पष्ट दिसते. 2001 सालीच ब्रिटनमध्ये राष्ट्रीय सूचना निघाल्या. त्यांनुसार हे इंजेक्शन केवळ प्रशिक्षित आणि यादीत नाव असलेल्या डॉक्टरांनी, ठरवून दिलेल्या जागी द्यावयाचे ठरले. हा उपाय चांगला, तरी पाळण्यावर अवलंबून. त्याहून भक्कम उपाय म्हणजे व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या लहान पिशवीतून देणे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली आणि ब्रिटनमधील रुग्णसुरक्षा संस्थेने 2008 साली ही शिफारस केली. सुमारे 50 मिलिलिटरची पिशवी हाती आल्यावर तिला कण्यातील इंजेक्शन समजण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. पुढे 2016 साली कण्यातील सुयांसाठी वेगळ्या जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्या जोडणीवर शिरेची सिरिंज बसतच नाही.

प्रत्येक उपायास मर्यादाही असते आणि तीही टिपणात यावी. पिशवीतून औषध देताना ते शिरेबाहेर झिरपल्यास भोवतालच्या मांसपेशींना इजा होते, म्हणून त्या अवधीत परिचारिकेने रुग्णाजवळ थांबावे लागते. नव्या जोडणीसाठी सुया आणि सिरिंज दोन्ही एकदम बदलाव्या लागतात. विश्वस्तांपुढे खर्च आणि अडचण यांसह उपाय मांडला, तरच त्यांचा होकार कृतीत उतरतो. म्हणून प्रत्येक उपायापुढे तो कोणत्या पदावरील व्यक्ती करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तो झाला हे कशावरून कळणार, हे तिन्ही लिहिलेले असावे. ‘औषध विभागातून व्हिन्क्रिस्टिनची सिरिंज एकही बाहेर पडली नाही, हे दरमहा नोंदवहीवरून तपासणे’ असे वाक्य मोजता येते. ‘सुधारणा करण्यात येईल’ हे वाक्य मोजता येत नाही.

मग जबाबदारीचे काय?

प्रारंभीच्या प्रश्नाकडे आता वळू. नॉटिंगहॅमच्या घटनेत संबंधित रजिस्ट्रारांना 2003 साली न्यायालयाने शिक्षा दिली. म्हणजेच व्यक्तीची जबाबदारी ठरविण्याचे मार्ग वेगळे आहेत आणि ते खुलेच राहतात. कोणी जाणूनबुजून नियम मोडला असेल किंवा नोंदी खोडल्या असतील, तर ते प्रकरण शिस्तभंगाच्या कार्यवाहीकडे जाते. घटना-टिपणाने ते काम अंगावर घेऊ नये, कारण दोन्ही कामे एका कागदात मिसळली की कर्मचारी सांगण्यापूर्वी आपल्या बचावाचा विचार करू लागतात. प्रश्न विचारला होता हे मग कनिष्ठ डॉक्टर कदाचित सांगणार नाहीत. शिक्षेने त्या रजिस्ट्रारांचे आयुष्य बदलले, परंतु सुईची जोडणी बदलली नाही. ती बदलण्यासाठी कारण लिहिले जावे लागते.

विश्वस्त, देणगीदार आणि नातेवाईक यांपैकी कोणाच्याही हाती असे टिपण आले, तर त्यांनी तिसरा आणि चौथा भाग शेजारी ठेवून वाचावेत, ही आमची विनंती. तिसऱ्या भागातील प्रत्येक कारणास चौथ्या भागात एक उपाय, एक पद आणि एक तारीख आहे का, हे पाहावे. ज्या कारणापुढील जागा रिकामी असेल, त्याविषयी अवश्य विचारणा करावी.