२५ पैकी २५ जॉब पास, तरी कंपनीने लॉट का अडवला? सीपी आणि सीपीकेचं गणित

पनवेल तालुक्यातली तळोजा एमआयडीसी घ्या किंवा पनवेल शहराला लागून असलेली इंडस्ट्रियल इस्टेट घ्या. मोठ्या कंपन्यांच्या गेटपासून थोडं आत गेलं की एक-दोन लेथ मशीनवर चालणारे छोटे वर्कशॉप दिसतात. कुठं पिन बनतात, कुठं बुश, तर कुठं स्पेसर. इथून माल टेम्पोत भरला की कळंबोलीवरून थेट एक्स्प्रेसवेला लागतो आणि पिंपरी-चिंचवड, चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांपर्यंत पोहोचतो.

अशा एखाद्या वर्कशॉपमध्ये घडू शकणारा एक प्रसंग बघू.

ग्राहक कंपनीने १२ मिलिमीटर व्यासाच्या स्टीलच्या पिनची ऑर्डर दिलीये. ड्रॉइंगवर लिहिलंय, १२ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०३. म्हणजे पिन ११.९७ पेक्षा बारीक नको आणि १२.०३ पेक्षा जाड नको. वर्कशॉपने सीएनसी लेथवर ओळीने २५ पिन काढल्या, मायक्रोमीटरने मोजल्या आणि आकडे पाठवून दिले.

```
12.010 12.017 12.003 12.014 12.008
12.021 12.006 12.012 11.999 12.011
12.018 12.010 12.001 12.016 12.024
12.004 12.009 12.019 12.006 12.012
11.996 12.014 12.008 12.002 12.010
```

सगळ्यात बारीक पिन ११.९९६ ची, सगळ्यात जाड १२.०२४ ची. एकही पिन मर्यादेबाहेर नाही. तरी कंपनीचं उत्तर आलं, "सीपीके ०.९५ आहे, १.३३ पाहिजे. लॉट पाठवू नका."

आता मालकाला प्रश्न पडणारच, की सगळा माल पास असताना अडवला कशासाठी?

तर कंपनीला या २५ पिनमध्ये काडीचाही रस नाहीये. तिला रस आहे तो यानंतर येणाऱ्या हजारो पिनमध्ये. त्या हजारो पिन कुणी एकेक करून मोजणार नाही, म्हणून या २५ आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज सांगणारे दोन आकडे म्हणजे सीपी आणि सीपीके.

हा विचार बराच जुना आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञाने मांडलं, की कोणतंही मशीन एकसारखे दोन जॉब काढत नाही. थोडा फरक पडतोच, आणि तो फरक किती आणि कसा पडतो हे मोजता येतं. हेच शूहार्ट स्वातंत्र्याच्या सुमारास इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले होते.

आता आपल्या पिनकडे येऊ.

२५ आकड्यांची सरासरी येते १२.०१०. आकडे या सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत हे सांगणारं माप म्हणजे प्रमाण विचलन, ज्याला वर्कशॉपमध्ये सिग्मा म्हणतात. इथं सिग्मा येतो ०.००७ मिलिमीटर, म्हणजे ७ मायक्रॉन. प्रक्रिया नीट चालू असेल तर जवळपास सगळे जॉब सरासरीच्या खाली तीन सिग्मा आणि वर तीन सिग्मा एवढ्या पट्ट्यात पडतात. म्हणजे मशीनचा एकूण पसारा झाला सहा सिग्मा. आपल्या मशीनचा पसारा ६ गुणिले ७, म्हणजे ४२ मायक्रॉन.

ड्रॉइंगने दिलेली जागा किती? ११.९७ ते १२.०३, म्हणजे ६० मायक्रॉन.

६० ला ४२ ने भागलं की आला सीपी, १.४३.

अरुंद पुलावरून जाणारा ट्रक डोळ्यांसमोर आणा. पुलाची रुंदी म्हणजे ड्रॉइंगची मर्यादा आणि हलत-डुलत जाणाऱ्या ट्रकला लागणारी जागा म्हणजे मशीनचा पसारा. सीपी फक्त एवढंच सांगतो, की ट्रक या पुलावर मावेल का. १.४३ म्हणजे मावेल, आणि थोडी जागाही उरेल.

पण ट्रक पुलाच्या मधून चाललाय की कठड्याला घासून, हे सीपीला दिसत नाही. ते सीपीके बघतो.

आपली सरासरी १२.०१० आहे, म्हणजे मधल्या १२.००० पासून १० मायक्रॉन वर सरकलेली. वरच्या कठड्यापर्यंत उरले फक्त २० मायक्रॉन, खालच्या कठड्यापर्यंत आहेत ४०. सीपीके काढताना यातलं कमी अंतर घ्यायचं, कारण धोका तिकडूनच आहे. २० ला तीन सिग्माने, म्हणजे २१ ने भागायचं. उत्तर ०.९५.

हे गणित हाताने करायची गरज नाही. शीटमध्ये A1 पासून A25 पर्यंत आकडे भरा आणि C1 ते C4 या चार खान्यांत अनुक्रमे ही सूत्रं टाका.

```
=AVERAGE(A1:A25)
=STDEV.S(A1:A25)
=(12.03-11.97)/(6*C2)
=MIN(12.03-C1,C1-11.97)/(3*C2)
```

तिसरं सूत्र सीपी देतं, चौथं सीपीके.

०.९५ चा अर्थ काय? आकडे नेहमीच्या घंटेसारख्या आकारात पसरलेले असतील, तर दर १० हजार पिनमागे साधारण २१ पिन १२.०३ पेक्षा जाड निघतील. त्या २५ च्या नमुन्यात सापडल्या नाहीत, कारण ५०० पिनमागे जेमतेम एक अशी असते. पण चाकणच्या असेंब्ली लाइनवर ती पिन भोकात जाणार नाही, लाइन थांबेल, आणि तेव्हा अख्खा लॉट परत येईल.

आता यातली चांगली बातमी. सीपी चांगला आणि सीपीके वाईट असेल, तर मशीन ठीक आहे, फक्त सेटिंग सरकलंय. ऑपरेटरने लेथच्या वेअर ऑफसेटमध्ये एक्सला उणे ०.०१० दिलं की सरासरी १२.००० वर येते. सीपीके होतो १.४३, आणि मर्यादेबाहेरच्या पिन उरतात लाखात दोनच्या आसपास. खर्च शून्य. उलट सीपीच १ च्या खाली असता, तर ऑफसेट कितीही फिरवला तरी उपयोग नव्हता. मग स्पिंडलचं बेअरिंग, चकची पकड, इन्सर्ट, कटिंगचा वेग असं सगळं तपासावं लागलं असतं.

म्हणजे ऑफसेट दिला आणि विषय संपला? नाही. इथं तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत मोजण्यात. व्हर्नियरचं लीस्ट काउंट बऱ्याचदा ०.०२ असतं. आपली एकूण जागाच ०.०६ ची आहे, म्हणजे त्या जागेत व्हर्नियर तीन-चारच वेगळे आकडे दाखवू शकतो. त्यातून येणारा सिग्मा मशीनचा नसतो, व्हर्नियरचा असतो. साधा नियम असा, की मोजण्याचं साधन टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत तरी वाचणारं हवं. इथं ०.००१ वाचणारा मायक्रोमीटरच लागतो. शिवाय पिन गार होऊ द्यायची. लेथवरून काढलेली स्टीलची पिन ३० अंश जास्त गरम असेल, तर १२ मिलिमीटरला साधारण ४ मायक्रॉन फुगलेली असते.

दुसरी फसगत वेळेची. ओळीने काढलेल्या २५ पिन म्हणजे मशीनच्या अर्ध्या-पाऊण तासाचा फोटो. पण इन्सर्टची धार जसजशी झिजते, तसतशी पिन जाड होत जाते. समजा ती दर तासाला २ मायक्रॉनने वाढतेय. आठ तासांच्या शिफ्टमध्ये सरासरी १६ मायक्रॉन सरकली. सकाळी मशीन अगदी मधोमध लावलं असलं, तरी दिवसभराच्या मालाची सरासरी १२.००८ येते आणि सिग्मा वाढून साधारण ८.४ मायक्रॉन होतो. याच सूत्राने दिवसभराचा आकडा काढला तर येतो ०.८७. दिवसभराच्या या आकड्याला पीपीके म्हणतात. सकाळचा १.४३ खरा होता, पण तो फक्त सकाळचा होता.

हे ओळखायचं कसं? दर तासाला पाच पिन मोजायच्या आणि त्यांची सरासरी कागदावर ठिपक्याने मांडायची. ठिपके वर-खाली नाचत असतील तर ठीक. एकाच दिशेने चढत गेले तर झीज चालू आहे, आणि तेव्हा सीपीकेचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. उपायही तिथंच दिसतो. दर दोन तासांनी ऑफसेट ४ मायक्रॉनने मागे घ्यायचा, आणि सुरुवात १२.००० वरून न करता ११.९९८ वरून करायची. सरासरी मधल्या रेषेभोवती फिरते आणि दिवसाचा आकडा १.४ च्या आसपास टिकतो.

तिसरी फसगत सगळ्यात कमी लोकांना माहिती असते. २५ पिनवरून काढलेला सीपीके हा अंदाज आहे. २५ च्या नमुन्यात १.४३ आला, तर खरा आकडा साधारण १.० ते १.८६ यात कुठंही असू शकतो. १०० पिन मोजल्या तर हा पट्टा १.२ ते १.६ पर्यंत आवळतो. म्हणून गाड्यांच्या उद्योगात पीपीएपी नावाची जी पद्धत चालते, तिच्यात नवीन पार्टसाठी १.६७ च्या वरचा आकडा सरळ मान्य होतो, १.३३ ते १.६७ असेल तर ग्राहक ठरवतो, आणि त्याखाली सुधारणा मागितली जाते. सुरुवातीच्या थोड्या नमुन्यावर भरवसा कमी असतो, म्हणून आकडा जास्त मागायचा.

आणि हो, एक चलाखीही चालते. काठावरचे जॉब बाजूला काढून चांगले २५ मोजायचे. सीपीके मस्त येतो. पण त्या आकड्यांचा आलेख काढला, की घंटेच्या दोन्ही बाजू सुरीने कापल्यासारख्या दिसतात. अनुभवी क्वालिटी इंजिनिअर ते लगेच पकडतो. त्याने नाही पकडलं, तर दर ५०० मागची ती एक जाड पिन पकडतेच.

त्यामुळे लॉट अडवला म्हणून वाद घालण्याआधी सीपी आणि सीपीके शेजारी-शेजारी ठेवून बघायचे. दोघांत अंतर असेल तर ऑफसेट फिरवा. दोन्ही आकडे कमी असतील तर मशीन उघडा. आणि दोन्ही चांगले असूनही संध्याकाळचा माल परत येत असेल, तर इन्सर्ट बघा.