डब्याआधी जिना

डोंबिवलीहून लोकलने फोर्टला येणाऱ्याला व्यायामासाठी जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तासच मोकळा सापडतो. त्याला ऑफिसचा जिना पुरतो. मात्र डबा नंतर उघडावा. भरल्या पोटी चढलं की मळमळतं.

पहिली पाच मिनिटं एक-दोन मजले सावकाश चढावेत. मग पंधरा मिनिटं फेऱ्या: चार मजले दमदार चढायचे, कठडा धरून हळू उतरायचं, श्वास जागेवर आला की पुन्हा. वेग योग्य असेल तर चढताना दोन-चार शब्द बोलता येतात, पूर्ण वाक्य नाही. एक शब्दही फुटत नसेल तर वेग कमी करा.

दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, त्या बहुतेक उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. म्हणून पहिल्या आठवड्यात तीनच फेऱ्या, त्याही दिवसाआड. गुडघा दुखत असेल तर उतरायला लिफ्टच बरी. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावं.

शेवटची दहा मिनिटं सपाटीवर चालणं आणि हात-तोंड धुऊन शर्ट बदलणं, यासाठी राखावीत. घामेजल्या कपड्यांत एसीखाली बसवत नाही.