दुपारच्या फोटोत संध्याकाळचं ऊन

राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून पश्चिमेला पाहिलं की खाली संजीवनी माची लांबवर पसरलेली दिसते आणि तिच्या पल्याड तोरणा. हा फोटो सह्याद्रीत फिरणाऱ्या बहुतेकांकडे असतो, आणि तो बहुधा भर दुपारचाच असतो. सकाळी पायथा सोडलेला माणूस बालेकिल्ला चढून वर येईपर्यंत दुपार होते आणि सूर्यास्ताच्या आधी खाली उतरायचं असतं. त्यामुळे फोटोत आकाश पांढुरकं, गवत उन्हात करपल्यासारखं आणि तटाखालच्या सावल्या काळ्याकुट्ट येतात. अशा फोटोत संध्याकाळचं सोनेरी ऊन आणता येतं. मात्र त्यासाठी नुसता पिवळा रंग फासून भागत नाही, मुळात ते ऊन कसं पडतं हे आधी पाहावं लागतं.

डिसेंबरात दुपारी दीड वाजता काढलेला असा एक फोटो घेऊ. तेव्हा सूर्य पश्चिमेला किंचित कललेल्या दक्षिणेत, क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. म्हणजे आपण पश्चिमेकडे तोंड करून उभे असलो, तर ऊन डावीकडून येतं आणि सावल्या उजवीकडे पडतात. डिसेंबरात सूर्य मावळतोही नैऋत्येच्या अंगाला, म्हणजे याच चौकटीच्या डाव्या बाजूला. दिशा जुळते, म्हणून हा फोटो कामाचा. सॉफ्टवेअरमध्ये रंग बदलतो, उजेड कमीजास्त होतो, पण सावलीची दिशा बदलत नाही. बालेकिल्ल्यावरून पूर्वेकडे सुवेळा माचीचा फोटो त्याच वेळी काढला असेल, तर सावल्या डावीकडे पडलेल्या असतात आणि खऱ्या संध्याकाळी त्या समोर, आपल्यापासून दूर पडतात. तो फोटो कितीही रंगवला तरी गड ओळखणाऱ्याला खटकणारच.

आता रंग. सूर्य ४५ अंशांवर असताना त्याचा प्रकाश, सूर्य थेट डोक्यावर असतानाच्या मानाने, सुमारे दीडपट जाडीची हवा ओलांडून येतो. क्षितिजापासून ५ अंशांवर हीच जाडी दहापट होते. एवढ्या हवेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा-नारिंगी उरतो. पण जिथे थेट ऊन पोचत नाही, तिथे उजेड आकाशाचाच असतो आणि तो निळसर असतो. म्हणूनच खऱ्या संध्याकाळी उन्हातला दगड सोनेरी आणि सावलीतला दगड थंड, निळसर दिसतो. कलर टेम्परेचरचा एकच स्लायडर उजवीकडे ओढला, की सावल्याही पिवळ्या होतात आणि फोटो जुन्या, पिवळ्या पडलेल्या छापील चित्रासारखा दिसू लागतो. नकली सोनेरी फोटो ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे: सावलीत पाहा.

म्हणून मी कलर टेम्परेचर थोडंच वाढवतो. लाइटरूममध्ये फोटो ५५०० केल्विनवर असेल तर ६२०० पर्यंत, त्यापुढे नाही. बाकीचं काम कलर ग्रेडिंगवर सोपवतो. तिथे उजळ भागांना नारिंगी-पिवळा रंग द्यायचा, रंगचक्रावर ४० अंशांच्या आसपास, आणि सावल्यांना २२० अंशांच्या आसपासचा निळा. निळ्याची तीव्रता पिवळ्याच्या निम्मी ठेवावी. तो डोळ्यांना जाणवला नाही पाहिजे, पण काढून टाकला तर उणीव भासली पाहिजे.

खरी मेहनत यानंतरची आहे. दुपारी दीड वाजता तटाच्या सपाट माथ्यावर आणि त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर जवळजवळ सारखंच ऊन असतं. संध्याकाळी सूर्य ५-६ अंशांवर आला, की सूर्यासमोरची भिंत झळाळते आणि माथ्याला तिच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं थेट ऊन मिळतं. दुपारच्या फोटोत सगळं सपाट दिसतं ते यामुळेच. तेव्हा ब्रश घेऊन तटांचे माथे, पायवाट, मोकळी जमीन असे आडवे पृष्ठभाग एका स्टॉपच्या आसपास खाली आणायचे. मग सूर्याकडे तोंड असलेल्या भिंती आणि बुरुजांच्या कडा पाव ते अर्ध्या स्टॉपने उजळायच्या, त्यांनाच थोडी जास्तीची ऊब द्यायची. माचीच्या दुहेरी तटबंदीच्या मधली अरुंद जागा दुपारच्या फोटोत निव्वळ काळी असते. तिथे शॅडोज वाढवून दगड दिसेल इतपत उजेड आणायचा, आणि तो निळसरच ठेवायचा. एवढं झालं की माचीला पहिल्यांदा उठाव येतो. या कामाला अर्धा तास लागतो आणि तो वाचवायला जाऊ नये.

ग्रेडियंट मी यानंतर लावतो. पहिला मोठा रेडियल ग्रेडियंट. त्याचं केंद्र चौकटीच्या बाहेर, डावीकडे, क्षितिजाच्या जरा वर, जिथे मावळता सूर्य असेल तिथे. त्यात ऊब वाढवायची, एक्स्पोजर अर्धा स्टॉप वर न्यायचं आणि डीहेझ उणे १५ करायचं. हे शेवटचं बरेच जण विसरतात. तिरप्या उन्हात हवेतली धूळ उजळते आणि सूर्याच्या बाजूचे डोंगर फिके, धुरकट होतात. तोरण्याच्या डाव्या सोंडा जरा विरघळल्यासारख्या दिसल्या, की ऊन तिकडून येतंय हे डोळा आपोआप मान्य करतो. दुसरा सरळ ग्रेडियंट उजव्या खालच्या कोपऱ्यातून, थोडा अंधार आणि किंचित गारवा देणारा. आकाशातला दुपारचा निळा रंग मात्र वेगळा कमी करावा लागतो. त्यावर थेट पिवळा चढवला तर हिरवट छटा येते.

घोटाळे होतात ते बहुतेक आकाशात. मोबाइलच्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात, त्यामुळे ग्रेडियंट ओढला की आकाशात पट्टे उमटतात. रॉ फाइलमध्ये हा त्रास फारसा होत नाही. दुसरी गोष्ट क्षितिजाच्या रेषेची. मास्क नीट बसला नाही, तर डोंगराच्या कडेला उजळ किनार येते. फोटो शंभर टक्के मोठा करून तोरण्याच्या माथ्यावरून नजर फिरवली की ती लगेच सापडते.

माचीवर माणसं असतील तर मात्र मोठी पंचाईत. सूर्य ४५ अंशांवर असताना माणसाची सावली त्याच्या उंचीएवढीच पडते, ६ अंशांवर ती साडेनऊ पट होते. साडेपाच फुटी माणसाची संध्याकाळची सावली पन्नास फुटांवर गेली पाहिजे, आणि फोटोत ती पाच-साडेपाच फुटांवर थांबलेली दिसते. झुडपांच्या आखूड सावल्या गवतात खपून जातात, मोकळ्या पायवाटेवरच्या माणसाच्या खपत नाहीत. असे ट्रेकर मी चौकटीबाहेर कापतो, नाहीतर त्या फोटोला हातच लावत नाही.

मे महिन्यातले भर दुपारचे फोटोही मी या कामाला घेत नाही. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते, आणि कोणती भिंत उजळायची व कोणती अंधारात ठेवायची हे ठरवायला फोटोत काही खूणच उरत नाही.